सहा ते आठ : वहिनीच्या पोळ्यांचा हिशोब

आमचं घर हैदराबादला तीन पिढ्यांपासून. आजोबा काचीगुड्याला राहायचे, आता दादा-वहिनी आणि आई उप्पलकडे एका सहामजली अपार्टमेंटमध्ये राहतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. दर रविवारी जेवायला मात्र दादाकडेच.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी पान वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, संध्याकाळी सहा ते आठ पोरगी क्लासला असते. तेवढे दोन तास माझे आहेत. स्वैपाक येतो. हातात पैसे म्हणाल तर नाहीत. यात काही होईल का, सांगा."

त्या महिन्यात दादाचा पगार कमी झाला होता. पुतणीच्या क्लासची फी महिन्याला दोन हजार होती, आणि ती बंद करायचा विषय घरात एकदा निघून गेला होता, हे मला नंतर कळलं. वहिनींनी तेव्हा ते सांगितलं नाही.

मी इंजिनिअर माणूस, लगेच लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. दिवाळीचा फराळ, लोणची, इडलीचं पीठ, जेवणाचे डबे, स्वैपाकाचे वर्ग. फराळ आणि लोणच्यात आधी तेल, डाळी, मसाले घ्यावे लागतात आणि पैसे माल विकल्यावर येतात, म्हणून ते बाद. इडलीच्या पिठाला ग्राइंडर आणि मोठा फ्रिज हवा, शिवाय इथे ते दर चौथ्या दुकानात मिळतं. वर्गाला रोज कोण येणार? तक्त्यात सगळ्यात चांगला दिसला तो डबा, म्हणून मी डबा सुचवला. तिथेच चुकलो.

डब्याचा आठवडा

नव्वद रुपयांचा डबा ठरला. तीन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. चार गिऱ्हाइकं मिळाली. सामानासाठी मी हजार रुपये दिले, वहिनींनी ते उसने म्हणूनच घेतले.

पाच दिवसांत वीस डबे झाले. त्यातले दोन स्वैपाक झाल्यावर "आज नको" म्हणून रद्द झाले, म्हणजे अठरा डब्यांचे १,६२० रुपये आले. सामान प्रत्येक डब्याला ४८ रुपयांचं, असे ९६०. एकदाच वापरायचे डबे आठ रुपयांना एक, ते १६०. गॅस अंदाजे दीडशे. उरले साडेतीनशे. दोन तासांचं काम रोज पावणेतीन तास चाललं, कारण चार पदार्थ म्हणजे चार वेळा चिरणं, चार भांडी आणि शेवटी ओट्याची आवराआवर. तासाला पंचवीस रुपये पडले. घरचं जेवण साडेनवाला होऊ लागलं ते वेगळंच.

शनिवारी वहिनींनी माझे हजार परत केले आणि म्हणाल्या, "हे नाही जमायचं. भाजी रोज वेगळी हवी, कुणाला कांदा नको, कुणाला तिखट नको. पोळीला मात्र कुणी काही म्हणालं नाही."

मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. आईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "मग पोळ्याच कर की."

पोळीच का

हैदराबादमध्ये राहणाऱ्यांना करी पॉइंट माहीत असतील. छोटं दुकान, समोर दहा-बारा पातेली, पिशवीत बांधून आमटी, पप्पू, वेपुडू मिळतं. नोकरी करणारी घरं कामावरून येताना तिथून भाजी घेतात आणि घरी कुकरला भात लावतात. भात कुणालाही जमतो. पोळी मात्र कणीक मळण्यापासून करावी लागते, म्हणून तीच टाळली जाते. त्यातच हल्ली घरोघरी एखाद्याला शुगर असते आणि रात्री भाताऐवजी पोळी हवी असते. करी पॉइंटवर पुलके मिळतात, पण ते दुपारीच करून ठेवलेले असतात आणि रात्री वातड होतात. आमच्या गल्लीत तेव्हा एक पुलका दहा रुपयांना होता.

म्हणजे गिऱ्हाईक होतंच, आणि ते नेमकं सात ते साडेआठच्या दरम्यान घरी येणारं होतं. वहिनींचे दोन तास त्याच्या बरोबर आधीचे.

दुसरं कारण पैशाचं. पोळीला कणीक, तेल, मीठ लागतं. उरली कणीक तर उद्या वापरता येते, उरली भाजी तर टाकावी लागते. आज घेतलेल्या सामानाचे पैसे आजच रात्री परत येतात. डब्याच्या आठवड्यात उरलेले साडेतीनशे रुपये हेच भांडवल. त्यातून दोन किलो कणीक ८८ रुपयांची, अर्धा लिटर तेल ७५ चं, बटर पेपरचा रोल साठचा आणि शंभर रुपये नोंदणीची फी. सत्तावीस रुपये उरले.

त्या शंभर रुपयांबद्दल थोडं सांगतो, कारण बायका याच गोष्टीला घाबरतात. घरून खाद्यपदार्थ विकायचे असले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत विक्री असलेल्यांसाठी साधी नोंदणी होती आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये. foscos.fssai.gov.in वर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. एजंट लागत नाही. चौदा आकडी नंबर मिळतो, तो वहिनींनी एका कागदावर लिहून स्वैपाकघराच्या दारावर लावला आहे.

फुलका नव्हे, घडीची

पहिल्या रविवारी आम्ही स्वैपाकघरात वजनकाटा आणि घड्याळ घेऊन बसलो. वहिनींना हसू येत होतं, पण त्यांनी करू दिलं.

आधी प्रश्न, काय करायचं, फुलका की घडीची पोळी? गिऱ्हाईक पुलका मागत होतं. पण फुलका फुगतो तो आतल्या वाफेने, दोन पातळ पापुद्रे होतात आणि वाफ गेली की ते लवकर सुकतात. तो तव्यावरून पानात पडला तरच चांगला. घडीच्या पोळीत पदरांमध्ये तेल असतं, म्हणून ती तीन-चार तास मऊ राहते. आपल्याकडे प्रवासाला नेहमी घडीचीच बांधून देतात, ते उगाच नाही. वहिनींनी चार फुलके आणि चार घडीच्या पोळ्या सातला करून ठेवल्या, आणि दहाला आम्ही त्या खाल्ल्या. त्यानंतर फुलक्याचा विषय निघाला नाही.

मग वजन. एक किलो कणकेला ६२० मिली पाणी आणि चार चमचे तेल लागलं, गोळा भरला १,६४० ग्रॅम. घरी वहिनींचा उंडा पन्नास ग्रॅमच्या पुढे जातो. विकायची पोळी एकेचाळीस ग्रॅमची ठरवली, म्हणजे किलोला बरोबर चाळीस. पहिले आठ-दहा दिवस त्या प्रत्येक उंडा काट्यावर ठेवायच्या. आता हातच काटा झाला आहे, कधी मी मुद्दाम तोलून पाहिला तर एक-दोन ग्रॅमचा फरक असतो. हे वजन चिकूपणासाठी नव्हतं. एकाला मोठी आणि दुसऱ्याला लहान पोळी गेली की लहानवाल्याचा फोन येतोच.

शेवटी वेळ. लाटायला पंचेचाळीस सेकंद, भाजायला सव्वा मिनिट. एकच तवा असला तर लाटलेली पोळी तव्याची वाट पाहत पोळपाटावर पडून राहते, आणि तासाला पंचेचाळीसच्या वर जाता येत नाही. दोन तवे ठेवले की उलट होतं, तवे लाटण्याची वाट पाहतात. तेल लावणं, उलटणं, काढून ठेवणं धरून एक पोळी सत्तर सेकंदांत पडू लागली. दुसरा लोखंडी तवा तिसऱ्या आठवड्याच्या कमाईतून आला.

सध्याचा क्रम असा. सहाला कणीक भिजवायची. पाऊण तास मुरली तर अधिक छान, पण वेळ नसतो, म्हणून वीस मिनिटं झाकून ठेवायची आणि तेवढ्यात कुणाच्या किती ते वहीतून पाहून कागद कापून ठेवायचे. सहा पस्तीसला पहिली पोळी तव्यावर. पावणेआठला साठ पोळ्या होतात. दुपारीच भिजवून का नाही ठेवत, असं मी विचारलं होतं. एप्रिल-मेमध्ये हैदराबादच्या उन्हाळ्यात दुपारची कणीक संध्याकाळी काळपट पडते आणि किंचित आंबते. एकदा करून पाहिलं, दोन घरांनी विचारलं, "पीठ बदललं का?"

गॅसचा आकडा

साठ पोळ्यांना दीड किलो कणीक लागते, ६६ रुपये. तेल पंधरा रुपयांचं, कागद चौदाचे. गॅस मात्र बहुतेक जणी मोजतच नाहीत, कारण तो घरात असतोच.

पहिला महिना आमचाही घरच्या सिलिंडरवर गेला. नंतर कळलं की घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वैपाकासाठी असतो, विक्रीच्या कामाला तो वापरायचा नाही, असा नियमच आहे. मग पाच किलोचा छोटा सिलिंडर आणला. तो बाजारभावाने मिळतो, ओळखपत्रावर देतात. किलोमागे महाग पडतो खरा, पण त्याचा एक फायदा झाला. पोळ्यांचा गॅस घरच्या गॅसपासून वेगळा झाला आणि मोजता आला. विमानाला जाताना बॅग तोलायचा हुकाचा काटा असतो ना, त्याला मी तो सिलिंडर कामाआधी आणि कामानंतर लटकवला. दोन शेगड्यांवर साठ पोळ्या म्हणजे तीनशे ग्रॅम. तीस रुपये.

सगळं मिळून १२५ रुपये झाले, म्हणजे पोळीला दोन रुपये आणि वर थोडे पैसे. वहिनींनी भाव आठ रुपये ठेवला, करी पॉइंटपेक्षा दोन कमी. साठ पोळ्यांचे ४८०, हाती ३५५.

पण रोज साठ जात नाहीत. शनिवारी या शहराला बिर्याणी लागते, त्या दिवशी पंचविसाच्या वर मागणी नसते. रविवारी त्या करतच नाहीत. महिन्याचे चोवीस दिवस आणि सरासरी शेहेचाळीस पोळ्या धरल्या तर खर्च जाऊन साडेसहा हजारांच्या आसपास राहतात. तासाला एकशेपस्तीस. कुणी महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या गोष्टी सांगत असेल तर किती पोळ्या आणि किती हात, हे आधी विचारावं.

ओला कागद आणि तुटणारी घडी

दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी कागद उघडून दाखवला, आतून थेंब जमलेले आणि खालच्या तीन पोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. कारण सरळ होतं. वहिनी पोळी तव्यावरून काढली की लगेच चवडीत रचून फॉइलमध्ये बांधायच्या. वाफेला बाहेर जायला जागा नाही, तिचं पाणी होऊन पोळीवरच पडायचं. आता पोळी आधी टोपलीत पसरलेल्या सुती कापडावर मिनिट-दीड मिनिट एकटी राहते, मग चवडीत जाते आणि कापडाने झाकली जाते. बांधायची ती न्यायला माणूस आल्यावर, आणि बटर पेपरमध्ये. फॉइल बंद. उलट्या बाजूनेही चूक होते. पाच-सात मिनिटं उघडी राहिली तर कडा पापडासारख्या होतात.

दुसरी अडचण पिठाची. एकदा गिरणीवाल्याने गहू बदलला आणि नेहमीच्या पाण्यात कणीक घट्ट झाली. त्या दिवसापासून वहिनी नवीन पीठ आणलं की आदल्या रात्री एक पोळी करून कागदात बांधून ठेवतात आणि तीन तासांनी तिची चार पदरी घडी घालतात. घडीवर भेग पडली तर पाणी वाढवायचं. पाणी बरोबर असूनही भेग पडली तर तवा पुरेसा तापलेला नव्हता, मंद आचेवर पोळी भाजली जात नाही, वाळत राहते.

एक गमतीची अडचण भाषेची. अपार्टमेंटच्या ग्रुपवर वहिनींनी पहिल्यांदा लिहिलं, "ताज्या पोळ्या मिळतील." तेलंगणात पुरणपोळीला पोलेलू म्हणतात. दोघी-तिघींनी लगेच विचारलं, आज सण कुठला, आणि इतक्या स्वस्त कशा? दुसऱ्या दिवशी "चपाती" लिहिलं.

उधारीचं मात्र गमतीचं नव्हतं. आईंच्या भजनातल्या एका ओळखीच्या घरी महिनाभर "नंतर देते" चाललं आणि सहाशे चाळीस रुपये अडकले. मागायला वहिनींना संकोच, आईंना त्याहून जास्त. त्यानंतर कार्ड आलं. वीस पोळ्यांचं कार्ड एकशेसाठ रुपयांना, पैसे आधी, दिलेल्या पोळ्यांइतक्या घरांवर फुली. ऑर्डर संध्याकाळी पाचपर्यंत कळवायची, न कळवल्यास त्या दिवशी नाही. आठ कार्डं विकली की महिन्याची कणीक आधीच निघते. उधारी मागायची वेळ पुन्हा आली नाही. ते सहाशे चाळीस अजून आलेले नाहीत.

दीडशे पोळ्यांची ऑर्डर

मागच्या गणपतीत एका कार्यक्रमासाठी एकदम दीडशे पोळ्या मागितल्या. मी म्हटलं, घ्या. दीडशे गुणिले आठ, बाराशे रुपये, खर्च ३१५, एका संध्याकाळी ८८५ सुटतात. वहिनींनी घेतली.

चार तास लागले. पुतणी क्लासवरून आली तेव्हा घरात दुधाशिवाय काही नव्हतं, दादाने बाहेरून जेवण आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना उजव्या मनगटाने चहाचं पातेलं उचलवेना. दोन दिवस पोळ्या बंद. नेहमीच्या दिवसाला हाती दोनशेसत्तर येतात, असे ५४० गेले. राहिले ३४५, आणि त्यातून मनगटाला लावायचं मलम आणि जेवणाचं बिल अजून वजा व्हायचं होतं.

माझ्या तक्त्यात कणीक होती, गॅस होता, कागदसुद्धा होता, मनगट नव्हतं. साठ हा आकडा घड्याळाने ठरवला असं मला वाटत होतं, खरं तर तो हातानेही ठरतो. फिजिओथेरपिस्टने पाहिलं आणि आधी ओट्याची उंची विचारली. ओटा वहिनींना उंच पडत होता, लाटताना खांदे वर उचलले जायचे. आता त्या लाटायला लाकडी पाटावर उभ्या राहतात, तीस पोळ्या झाल्या की पाच मिनिटं थांबतात, आणि साठच्या वर एकही घेत नाहीत. साठाच्या पुढची घरं वहिनी अपार्टमेंटमधल्याच दुसऱ्या एका मराठी ताईंकडे पाठवतात. त्यात कमिशन वगैरे काही नाही.

जेवण पोचवणाऱ्या अॅपवर जावं का, असं बरेच जण विचारतात. तीन-चार पोळ्यांच्या ऑर्डरवर अॅपचं कमिशन आणि पोचवण्याचे पैसे लावले की आठ रुपयांची पोळी तेरा-चौदाला पडते, कुणी घेणार नाही. वहिनींचं सगळं गिऱ्हाईक एकाच इमारतीतलं आणि समोरच्या दोन इमारतींतलं आहे, न्यायला स्वतः येतं. पोचवावं लागलं असतं तर दोन तासांत हे बसलंच नसतं.

फीचे दोन हजार आता दर महिन्याच्या पाच तारखेला वहिनी स्वतः भरतात. उरलेलं पोस्टात जातं.

गेल्या रविवारी वही पाहताना मला एक नाव दिसलं, रोज दोन पोळ्या. समोरच्या दारातले आजोबा, एकटेच असतात. मी म्हटलं, "वहिनी, दोनासाठी वेगळा कागद, वेगळं बांधणं, यात काही सुटत नाही. कमीत कमी चार अशी अट घाला."

"कागद कुठला? त्यांचा डबा असतो," वहिनी म्हणाल्या. "आणि भाऊजी, रोज सहा चाळीसला ते दार उघडं ठेवून बसतात. पहिल्या दोन पोळ्या त्यांच्याच. कडक झाली, मीठ कमी झालं तर लगेच ओरडून सांगतात. बाकीच्या अठ्ठावन्न त्यानंतर जातात."